कलमाचा नंबर बदलला, केस तीच

"ताई, माझी ४९८अ ची केस २०२३ पासून चालू आहे. सासरचे म्हणतात, ते कलमच सरकारनं काढून टाकलंय, केस आपोआप पडणार. सही कर आणि मोकळी हो. खरं आहे का हे?"

केस पडत नाही, हे मी तिला बसायच्या आधीच सांगितलं. मग तिच्या पिशवीतली दोषारोपपत्राची प्रत काढायला लावली. पहिल्याच पानावर होतं: भादंवि ४९८अ, ३२३, ५०४, ५०६, ३४. घटना फेब्रुवारी २०२३ ची, गुन्हा मार्चमध्ये दाखल.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, हे खरंच. पण कुठलं कलम लागणार हे घटनेच्या तारखेवरून ठरतं. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागते. नव्या संहितेच्या कलम ३५८ मध्येच तशी तरतूद आहे. तिचा खटलाही आधीपासून कोर्टात चालू होता, म्हणून तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणेच पुढे जाईल. तिच्या कागदांवर ४९८अ च राहणार, आणि तेच बरोबर आहे.

आणि छळाचं कलम काढलेलंच नाही. ते आता ८५ आहे, क्रूरता कशाला म्हणायचं ते ८६ मध्ये. शिक्षा पूर्वीइतकीच, तीन वर्षांपर्यंत आणि दंड. मारहाणीचं ३२३ झालं ११५(२), शिवीगाळीचं ५०४ झालं ३५२, धमकीचं ५०६ गेलं ३५१ मध्ये. मी तिच्या प्रतीच्या समासात पेन्सिलीनं हे आकडे लिहून दिले. सासरचे पुन्हा बोलले तर कागद दाखवता यावा, एवढ्यासाठीच. कोर्टातल्या अर्जात मात्र हे नवे आकडे घालायचे नाहीत, हेही बजावलं.

बोलता बोलता तिनं सांगितलं, की ऑक्टोबर २०२४ मध्ये नवरा माहेरी येऊन तिला मारून गेला होता. "ते त्याच केसमध्ये येईल ना?" नाही. ती घटना १ जुलैनंतरची, म्हणून तिची वेगळी तक्रार, न्याय संहितेखाली. पोलिसांनी तिथं ४९८अ लिहिलं तर ती चूक.

याची उलटी बाजूही मी नेहमी समजावते, कारण गोंधळ तिथंच होतो. घटना मे २०२४ ची आणि तक्रार ऑगस्टमध्ये दिली, तर गुन्ह्याचं कलम जुनंच, पण तक्रार नोंदवून तपास करायचा तो नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे. अशा एफआयआरवर दोन्ही कायद्यांची नावं दिसली तर घाबरू नये.

सहीबद्दल तिला एकच सांगितलं. ४९८अ ची केस नवरा-बायकोनं घरी कागद करून मिटत नाही. तडजोड झाली तरी ती रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. तिनं सही केली नाही. पुढच्या तारखेला तिच्या वडिलांची साक्ष झाली, आणि ऑक्टोबरच्या मारहाणीची तक्रार तिनं भावाला घेऊन पोलीस ठाण्यात दिली.