बी.आर्क.नंतर नोंदणी: ती ‘दोन वर्षं’ नेमकी कुणासाठी?

प्रश्न: माझं बी.आर्क. यंदा पुण्यातून झालं. ऑफिसमधले सीनियर म्हणतात, दोन वर्षं एखाद्या सरांच्या हाताखाली काढल्याशिवाय कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी नंबर मिळत नाही. शिवाय पीएमसीचं लायसन्स वेगळं काढावं लागतं म्हणे. नक्की काय आहे?

उत्तर: दोन्ही गोष्टी तुम्हाला लागू नाहीत. वास्तुविशारद अधिनियम १९७२ च्या कलम २५ प्रमाणे मान्यताप्राप्त पदवी हातात असेल आणि तुम्ही भारतात राहत किंवा काम करत असाल, तर नोंदणीला तुम्ही पात्र आहात. पदवीनंतर अनुभवाची वर्षं नाहीत आणि नोंदणीसाठी वेगळी परीक्षाही नाही. आपल्याकडचा ‘हाताखालचा’ काळ पदवीच्या आतच बसवलेला आहे. पाच वर्षांतलं एक सत्र, म्हणजे सोळा आठवड्यांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग, हाच तो काळ.

मग ही दोन वर्षं येतात कुठून? एक तर परदेशातून. अमेरिकेत पदवीखेरीज ३,७४० तास नोंदवलेला अनुभव आणि परीक्षा असा मार्ग आहे. तिकडे गेलेल्या मित्रांशी बोलताना तो नियम इकडचाच वाटू लागतो. दुसरं कारण घरचंच आहे. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, ज्याला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, अनुभवाच्या अटी आहेत. पण त्या स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सुपरवायझर यांसारख्या परवानाधारकांसाठी आहेत. उदाहरणार्थ, स्ट्रक्चरल इंजिनिअरला पदवीनंतर तीन वर्षांचा अनुभव लागतो. ऑफिसमध्ये ही सगळी मंडळी एकाच टेबलाभोवती बसत असल्यामुळे एकाची अट दुसऱ्याच्या गळ्यात पडते.

पीएमसीचंही तसंच. त्याच नियमावलीच्या परिशिष्टात म्हटलंय की कौन्सिलकडे नोंदलेल्या आर्किटेक्टला महापालिकेकडे पुन्हा नाव नोंदवण्याची गरज नाही, फक्त नोंदणीचं प्रमाणपत्र सादर करायचं. बांधकाम परवानगीच्या ऑनलाइन प्रणालीत लॉगिन आणि डिजिटल सही लागते ती कामाच्या सोयीसाठी. तो काही तुमच्या पात्रतेचा परवाना नव्हे. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचं सभासदत्व ही आणखी तिसरी गोष्ट. ते ऐच्छिक आहे, त्याने ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घ्यायचा हक्क मिळत नाही. पुण्यात कौन्सिलचं प्रशिक्षण आणि संशोधन केंद्र आहे, पण नोंदणीसाठी तिथे जाऊ नका. अर्ज `coa.gov.in` वरून ऑनलाइन दिल्लीला जातो.

आता अर्जाकडे वळू. अडकायला होतं ते इथेच, आणि कारण बहुतेक वेळा शिक्षणाचं नसून नावाचं असतं. कागद साधारण असे लागतात: जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, नाटा किंवा जेईईचं स्कोअरकार्ड, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा प्रोव्हिजनल प्रमाणपत्र, ओळखपत्र, फोटो, सही आणि शुल्क. पदवीदान समारंभाची वाट पाहू नका, प्रोव्हिजनल हाती आलं की अर्ज करा. बारावी आणि नाटा का मागतात, तर तुमचा पहिल्या वर्षाचा प्रवेशच नियमात बसत होता का हे तपासलं जातं. कॉलेजला त्या वर्षी मंजूर असलेल्या जागांपेक्षा जास्त प्रवेश दिले गेले असतील तर त्याचा त्रास इथे निघतो, आणि तो विद्यार्थ्याच्या हातात नसतो. म्हणून आपल्या प्रवेशवर्षासाठी कॉलेजची मान्यता आणि जागा कौन्सिलच्या यादीत एकदा बघून ठेवा. शिकताना कौन्सिलचा विद्यार्थी नावनोंदणी क्रमांक मिळाला असेल तर तोही हाताशी ठेवा.

नावाचं उदाहरण घ्या. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर ‘पाटील स्नेहल विजय’, आडनाव आधी. आधारवर ‘स्नेहल विजय पाटील’. पासपोर्टवर ‘स्नेहल पाटील’. आपल्याला हे तिन्ही एकच माणूस वाटतात, पण दिल्लीत बसून कागद तपासणाऱ्याला विजय हे वडिलांचं नाव आहे हे समजायचं काही कारण नाही. त्याच्या दृष्टीने तीन कागदांवर तीन नावं असतात. अर्जातलं नाव पदवीवर आहे तसंच, त्याच अक्षरांत भरा आणि आधार आधी त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. नुसत्या क्रमाचा फरक निस्तरता येतो. पण ‘स्नेहल’चं इंग्रजी स्पेलिंग एका ठिकाणी एका ए-ने आणि दुसरीकडे दोन ए-ने असेल, तर विद्यापीठाकडून दुरुस्ती करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. कारण कौन्सिलच्या प्रमाणपत्रावर छापलं जाईल तेच नाव पुढे प्रत्येक नकाशावर, बँकेत आणि महारेराच्या दाखल्यावर जाणार आहे. लग्नानंतर नाव बदललं असेल तर दोन मार्ग आहेत. एक, जुन्या नावानेच नोंदणी करायची. दोन, विवाह प्रमाणपत्र किंवा राज्य शासनाच्या राजपत्राची प्रत जोडायची. मला पहिला मार्ग बरा वाटतो, सगळे शैक्षणिक कागद एका नावाचे राहतात.

अर्ज फेटाळला गेलाच, तर कलम २६ प्रमाणे फेटाळल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत कौन्सिलकडे अपील करता येतं. साधी त्रुटी काढली असेल तर अपील नको, मागितलेला कागद वेळेत द्या. त्रुटीचा मेल स्पॅममध्ये पडून राहतो आणि मुलं ‘अजून प्रोसेसमध्येच आहे’ म्हणत बसतात, हे फार होतं.

आता तारखा, कारण याचा हिशेब बहुतेकांना कुणी सांगत नाही. कलम २७ प्रमाणे नाव पहिल्यांदा नोंदलं गेलं त्याच्या पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत ते नोंदवहीत राहतं, नंतर दरवर्षी नूतनीकरण शुल्क लागतं. समजा तुमचं नाव ऑगस्ट २०२५ मध्ये नोंदलं गेलं, तर पहिली मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. २०२७ साठीचं शुल्क त्या वर्षीच्या १ एप्रिलच्या आत भरायचं. ते चुकलं तर नाव काढलं जातं. पुन्हा घालता येतं, पण मधल्या काळात तुम्ही सही केलेली असेल तर ती नोंदणी नसलेल्या माणसाची सही ठरते. एकदम अनेक वर्षांचं शुल्क भरायची सोय आहे, ती घ्या आणि विसरा. नोंदणी लांबवण्यात काही फायदा नाही. उलट ‘नोंदणीनंतर अमुक वर्षं’ असं जिथे मोजतात, तिथे पदवीची तारीख न धरता नोंदणीची तारीख धरतात. टेंडरच्या अटींत असं नेहमी दिसतं. नंबर `CA/2025/…` असा सुरू होतो, म्हणजे वर्ष त्यातच कोरलेलं असतं.

नंबर येईपर्यंत काय? काम करा, नकाशे काढा, साइटवर जा, पण नावापुढे ‘आर.’ लावू नका. कलम ३७ हे पदनामाचं रक्षण करतं. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय की हे कलम वास्तुकलेचं काम करण्यावर बंदी घालत नाही, ‘आर्किटेक्ट’ हे नाव वापरण्यावर घालतं. त्यामुळे इन्स्टाग्रामच्या बायोपासून व्हिजिटिंग कार्डापर्यंत सगळीकडे तूर्त ‘बी.आर्क.’ एवढंच. (हिंजवडीतले सॉफ्टवेअर आर्किटेक्ट हा वेगळाच विषय, त्यात शिरत नाही.) मित्रासोबत फर्म काढणार असाल तर हेही ध्यानात ठेवा: पाटीवर ‘आर्किटेक्ट्स’ लिहायचं तर भागीदारी संस्थेतले सगळे भागीदार नोंदणीकृत आर्किटेक्ट हवेत. भागीदार इंटेरिअर डिझायनर किंवा सिव्हिल इंजिनिअर असेल तर फर्मचं नाव वेगळं शोधा. पाटीचीही गंमत आहे. १९८९ च्या व्यावसायिक वर्तन नियमांत जाहिरातीला मनाई आहे, पण ऑफिसबाहेर आणि आपल्या इमारतीवर नाव लावायला सूट आहे, अट एकच की अक्षरांची उंची १० सेंटीमीटरच्या वर जाता कामा नये. साइटवरच्या फ्लेक्सकडे पाहिलंत तर हा नियम किती जणांना ठाऊक आहे ते कळेल.

आता सीनियर लोकांच्या म्हणण्यातला जो भाग खरा आहे तो. नंबर लगेच मिळतो, म्हणून लगेच सही करायला सुरुवात करू नका. नव्या नंबरवाल्याला पहिल्या सहा महिन्यांत एखादा फोन येतोच: ‘नकाशा तयार आहे, फक्त सबमिशनला तुमची सही हवी, पैसे रोख.’ त्या सहीचा अर्थ असा की परवानगीपासून भोगवटा पत्रापर्यंत त्या इमारतीचे जबाबदार तुम्ही.

समजा नकाशात बाजूची मोकळी जागा ३ मीटर दाखवली आहे. तुम्ही साइट पाहिलेलीच नाही, आणि ठेकेदाराने लाइनआउट, म्हणजे जमिनीवरची आखणी, देताना कंपाउंडची जुनी भिंत हीच हद्द धरली. जोत्याची तपासणी होते तेव्हा प्रत्यक्षात २.७ मीटर निघतात. कॉलम उभे आहेत, जोतं भरलेलं आहे. आता एकतर सुधारित नकाशा मंजूर करून घ्यायचा, तो नियमात बसला तर, नाहीतर तोडायचं. मालक तुमच्याकडे बोट दाखवणार, कारण जोतं नकाशाप्रमाणे आहे असं लिहून देणारी सही तुमची. तक्रार कौन्सिलकडे गेली तर कलम ३० खाली चौकशी होते आणि ताकीद, निलंबन किंवा नाव काढून टाकणं यांपैकी काहीही होऊ शकतं.

म्हणून पहिली दोन वर्षं नोकरीत काढायची असतील तर जरूर काढा, पण ती कौन्सिलसाठी नव्हेत. त्यात तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा: मोजणी नकाशावरून हद्द कशी काढतात, लाइनआउट कसा तपासतात आणि भोगवटा पत्राच्या फाइलला किती विभागांचे ना-हरकत दाखले लागतात. आणि जेव्हा सही कराल तेव्हा काम सोडायची वेळ आली तर तेही कागदावर सोडा. मालकाला पत्र, महापालिकेला पत्र, त्यात तारीख, त्या दिवशी बांधकाम कुठपर्यंत आलं होतं ते आणि त्याचे फोटो. आवक शिक्का असलेली प्रत जपून ठेवा. दुसऱ्याचं काम हातात घेताना आधीच्या आर्किटेक्टला कळवल्याशिवाय आणि त्याची बिलं मिटली का हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.