२० महिन्यांचं लेकरू बोलत नाही: आधी काय बघायचं आणि कुठं जायचं

प्रश्न: माझा मुलगा २० महिन्यांचा आहे. चालतो, पळतो, जिना चढतो, पण 'आई' आणि 'बाबा' सोडून एक शब्द बोलत नाही. सासूबाई म्हणतात, याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. थांबावं की दाखवावं? आणि दाखवायचं तर नेमकं कुणाला? आम्ही केज तालुक्यात राहतो.

उत्तर:

ताई, मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात आठ वर्षं काम केलं. अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा जी गाडी येते आणि लेकरांची तपासणी करते, तेच पथक. त्या अनुभवावरून सांगते: दाखवा, आणि पहिली तपासणी कानाची करून घ्या. जिभेची नको, मेंदूच्या स्कॅनची नको, आधी कान.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. उशिरा बोलणं काही घरांत असतंच, आणि अशी बरीच लेकरं पुढं आपोआप बरोबरीला येतात. पण कोणतं येईल आणि कोणतं येणार नाही, हे नुसते शब्द मोजून आज कुणालाच सांगता येत नाही. शब्दांपेक्षा जास्त सांगतात त्या दोन गोष्टी, बोट आणि समज.

बोट म्हणजे असं. रस्त्यानं एसटी गेली, झाडावर माकड दिसलं, तर तो बोट दाखवून तुमच्याकडं वळून बघतो का? 'मला ते दे' म्हणून दाखवलेलं बोट वेगळं आणि 'आई, ते बघ' म्हणून दाखवलेलं वेगळं. दुसऱ्या प्रकारचं बोट १८ महिन्यांपर्यंत यायला हवं. त्याऐवजी तो तुमचा हात मनगटाला धरून डब्याकडं नेत असेल, तुमच्या तोंडाकडं बघतच नसेल, नावानं हाक मारल्यावर वळत नसेल, तर थांबू नका. आणि आधी बोलत असलेले शब्द गेले असतील, तर कोणत्याही वयात त्याच आठवड्यात दाखवा. इथं मी स्वतः एकदा चुकले आहे. 'आधी काका, मामा म्हणायचा, आता म्हणत नाही' असं एक आई सांगत होती आणि मी तिला 'घरात नवीन बाळ आलंय ना, होईल ठीक' म्हणून परत पाठवलं. तो मुलगा पुन्हा माझ्यासमोर आला तेव्हा साडेतीन वर्षांचा होता आणि त्याला स्वमग्नता होती. हातातली जवळजवळ दोन वर्षं गेली होती.

समज बघताना घरोघर एकच चूक होते. 'चप्पल आण' म्हणताना आपली नजर चप्पलेकडं जाते, हातही तिकडं जातो. लेकरू शब्द ऐकत नाही, हात वाचतं. तेव्हा तो खेळात असताना मागं बसा, हात मांडीवर ठेवा, तोंडासमोर वही धरा आणि साध्या आवाजात म्हणा, 'चेंडू दे'. वेगवेगळ्या दिवशी, घर शांत असताना, चार-पाच वेळा करून बघा. या वयात खुणेशिवाय सांगितलेलं एक साधं काम कळायला हवं.

याच वहीनं एक मुलगी सापडली, तिचं सगळंच सांगते. २२ महिन्यांची होती. आईवडील ऊसतोडीला जाणारे, त्यामुळं अंगणवाडीच्या आधीच्या एका तपासणीला ती गावातच नव्हती. आजी ठामपणे म्हणाली, 'कानाचं काय नाही हो, ताट पडलं की दचकती. जीभ जड हाय.' कुणीतरी जिभेखालचा दोरा कापायलाही सांगितलं होतं. (तो दोरा आखूड असला तर काही अक्षरं बोबडी येतील, पण त्यामुळं लेकरू मुकं राहत नाही. त्यासाठी कात्री लावू देऊ नका.) मी मागून वही धरून चेंडू मागितला, तर तिनं मानही वळवली नाही. समोर येऊन हात पसरला, तर लगेच आणून दिला.

ताट पडल्यावर दचकणं म्हणजे ऐकू येणं, हा समज सगळ्यात महागात पडतो. आपलं रोजचं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. ताट, दार, फटाका हे त्याहून कितीतरी मोठे आवाज. ज्याला ७० डेसिबलच्या खालचं काहीच ऐकू येत नाही, ते लेकरू ताटाला दचकतं, ट्रॅक्टर आला की पळत दाराशी जातं, आणि बोललेला एक शब्दही त्याच्या कानात शिरत नाही.

त्या मुलीचं पुढं काय झालं ते ऐका, कारण गडबड कुठं होते ते त्यात दिसतं. कानाच्या आधी तिची विकासाची चाचणी झाली. आपल्याकडं ३० महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी बडोद्याला तयार झालेली 'डासी' नावाची मोजणी वापरतात. ती हालचालीचं वय आणि बौद्धिक वय वेगवेगळं काढते. मग त्या वयाला खऱ्या वयानं भागून १०० नं गुणतात. ७० च्या खाली आलं तर विलंब धरतात. मुलीचं हालचालीचं वय आलं २१ महिने, म्हणजे ९५. बौद्धिक वय आलं १४ महिने, म्हणजे ६४. तिथंच कुणाच्या तरी तोंडून 'मंदबुद्धी' शब्द निघाला आणि बापानं कागद घडी करून खिशात घातला. पण त्या चाचणीत 'बाहुलीचं नाक दाखव', 'हे काय आहे' असले प्रश्न असतात. ज्याला प्रश्नच ऐकू येत नाही, ते लेकरू त्यात मागं पडणारच. म्हणून कान आधी म्हणते.

कानाची पहिली तपासणी सोपी असते, तिला ओएई म्हणतात. कानात लहानसा बोळा ठेवतात, लेकरू शांत असलं की काही मिनिटांत होते. तिची दोन्ही कानांची 'नापास' आली. पण मळ किंवा पडद्यामागं साचलेलं पाणी असलं तरीही ती नापास येते. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मळ काढला, पडदा तपासला आणि पुन्हा केली. पुन्हा तेच. मग बेरा. यात डोक्याला तारा चिकटवून, आवाज कानातून मेंदूपर्यंत किती पोचतो ते मोजतात, आणि त्यासाठी लेकरू गाढ झोपलेलं लागतं. पहिल्या तारखेला ती येताना एसटीतच झोपून उठली, तिथं झोपेचं औषध देऊनही टक्क जागी राहिली. हेलपाटा वाया. दुसऱ्या वेळी आजीनं तिला पहाटे उठवलं आणि वाटेत खिडकीतून म्हशी दाखवत जागं ठेवलं. दोन्ही कान ७० डेसिबल.

दसरा झाला की घरचे फडावर जाणार होते. यंत्रं लावून ती उसाच्या पाचटात गेली असती तर शिकवणार कोण? शेवटी आजी तिला घेऊन गावात राहिली. दोन्ही कानांना यंत्रं बसली, दर आठवड्याला स्पीच थेरपी सुरू झाली. कान वाढतो तसा यंत्राचा साचा सैल होतो आणि शिट्टी वाजायला लागते. आजीला वाटलं यंत्र बिघडलं, तिनं पंधरा दिवस ते डब्यात ठेवलं. साचा बदलल्यावर गाडी रुळावर आली. ३० व्या महिन्यात तीच मोजणी पुन्हा झाली, बौद्धिक वय २५ महिने आलं, म्हणजे ८३. तो शब्द मग कुणी काढला नाही.

आता तुमचं. अंगणवाडी सेविकेला सांगा, ती पथकाला कळवेल आणि पथक चिठ्ठी देईल. त्या चिठ्ठीवर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी मोफत होते. दवाखान्यात 'डीईआयसी' म्हणालात की कळतं. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, ऑडिओलॉजिस्ट, फिजिओथेरपिस्ट हे सगळे तिथं एका जागी असावेत अशी ती योजना आहे. एखादी जागा रिकामीही असते, म्हणून निघण्याआधी 'ऑडिओलॉजिस्ट कोणत्या वारी असतात' एवढं फोनवर विचारा. पथकाची पुढची फेरी यायची वाट बघू नका. तुम्हाला बीडपेक्षा अंबाजोगाई जवळ. तिथल्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग आणि कान-नाक-घसा विभाग आहेत, तिथं थेट केसपेपर काढूनही सुरुवात करता येते.

जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि जन्माच्या वेळचा डिस्चार्ज कागद न्या. काचेत ठेवलं होतं का, कावीळ किती वाढली होती, मेंदूज्वर झाला होता का, सुरुवातीला इंजेक्शनांचा कोर्स झाला होता का, हे कानाच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे. तुमचं लग्न नात्यातलं असेल, मामाच्या किंवा आत्याच्या घरातलं, तर तेही सांगा. आपल्याकडं ही गोष्ट विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, आणि जन्मजात बहिरेपणाचा तिच्याशी संबंध असतो. बाळ दिवसांच्या आधी झालं असेल तर तेवढे दिवस वयातून वजा करायचे. दोन महिने आधी झालेलं २० महिन्यांचं बाळ १८ महिन्यांचं धरून तपासतात, वय दोन वर्षांचं होईपर्यंत.

मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढून ठेवा: एकटा खेळताना, हाक मारल्यावर, जेवताना. अनोळखी खोलीत तो रडला तर हेच व्हिडिओ डॉक्टरांच्या कामी येतात.

कान चांगले निघाले तर पुढची पायरी म्हणजे स्वमग्नतेची २० प्रश्नांची यादी, एम-चॅट. ती १६ ते ३० महिन्यांच्या लेकरांसाठी असते, म्हणजे तुमचा मुलगा बरोबर त्या वयात आहे. तिच्यात गुण जास्त आले म्हणजे निदान झालं असं नाही, सविस्तर तपासणी लागेल एवढाच त्याचा अर्थ. मग डासी. निकाल तोंडी घेऊ नका. प्रत्येक बाबतीत वय किती महिन्यांचं आलं ते लिहून मागा. 'सहा महिन्यांनी या' म्हणाले, तर तोवर घरी काय करायचं आणि काय दिसलं तर लगेच यायचं, तेही त्याच कागदावर लिहून घ्या.

आणि बेराची तारीख मिळाली तर आदल्या रात्री त्याला उशिरा झोपवा, पहाटे उठवा, आणि गाडीत मात्र काही केल्या झोपू देऊ नका.