‘सदर’ला सोपा शब्द आहे, पण अडचण तिथे नाही

प्रश्न: मी भांडुपच्या एका सोसायटीची सचिव आहे. पाण्याच्या टाक्यांबद्दल एक सरकारी परिपत्रक आलंय, ते सोपं करून फळ्यावर लावायचंय. सदर, विहित, उपरोक्त यांना सोपे शब्द कोणते? मी माझ्या परीने शब्द बदलून बघितले, तरी सभासद विचारतात, ‘म्हणजे नक्की करायचं काय?’ सोबत मूळ वाक्य आणि माझं वाक्य देते. मुदत दुसऱ्या पानावरच्या टिपेत आहे: परिपत्रक मिळाल्यापासून 30 दिवस. ते आम्हाला 3 जूनला मिळालं.

मूळ: ‘उपरोक्त विषयास अनुसरून याद्वारे सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की, सदर इमारतीमधील पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांची स्वच्छता विहित कालावधीत करून घेऊन तत्संबंधीचा अहवाल या कार्यालयास सादर न केलेल्या भोगवटादारांविरुद्ध नियमानुसार उचित कार्यवाही करण्यात येईल, याची नोंद घेण्यात यावी.’

माझं: ‘वरील विषयाला धरून सगळ्यांना कळवण्यात येते की, या इमारतीतील पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांची सफाई ठरलेल्या वेळेत करून घेऊन त्याबद्दलचा अहवाल या कार्यालयाला न दिलेल्या रहिवाशांवर नियमाप्रमाणे योग्य ती कार्यवाही करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.’

उत्तर:

आधी शब्दांचे उरकतो. ‘सदर’ म्हणजे ‘हा, ही, हे’. अरबी-फारसीतून दफ्तरात आलेला हा शब्द आहे. ‘विहित’ म्हणजे नियमाने ठरवून दिलेला. ‘उपरोक्त’ की ‘उपर्युक्त’ हा वाद व्याकरणवाल्यांसाठी सोडा (संधीच्या नियमाने ‘उपर्युक्त’ बरोबर). तुम्ही केलेले ‘वरील’ उत्तम.

आता तुमचे वाक्य. ते मी गिरगावातल्या आमच्या शेजारच्या काकूंना वाचून दाखवले. एकही शब्द त्यांना अडला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, “मग टाकी धुणार कोण?” तुमच्या सभासदांचा प्रश्नही हाच आहे. खोट शब्दांत नाही, वाक्याच्या बांधणीत आहे.

मूळ वाक्यातली मुख्य क्रियापदे तेवढी वेगळी काढून पाहा. ‘सूचित करण्यात येते’, ‘कार्यवाही करण्यात येईल’, ‘नोंद घेण्यात यावी’. टाकी धुण्याबद्दल यांतले एकही नाही. पहिल्या दोन गोष्टी कार्यालय करणार आहे आणि तिसरीत आपण फक्त नोंद घ्यायची आहे. जे खरोखर करायचे, म्हणजे टाक्या साफ करणे आणि अहवाल देणे, ते ‘करून घेऊन’ आणि ‘सादर न केलेल्या’ या धातुसाधितांत दडपले आहे. ही धातुसाधितेही ‘भोगवटादारांविरुद्ध’ या शब्दाला विशेषण म्हणून जोडलेली. म्हणजे सूचना धमकीच्या पोटात लपली आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे वाचणारा सदतीस शब्द डोक्यात धरून शेवटापर्यंत जातो आणि तिथे त्याच्या हाती लागते ते ‘नोंद घ्या’. तुम्ही शब्द बदललेत, पण धातुसाधिते जागच्या जागी राहिली.

म्हणून पहिले काम असे, की दडपलेल्या क्रिया बाहेर काढायच्या आणि प्रत्येकीला स्वतःचे वाक्य द्यायचे. टाक्या साफ करून घ्याव्यात. अहवाल द्यावा. नाही दिला तर कारवाई होईल. मग प्रत्येक वाक्याला विचारायचे: कोणी? कधीपर्यंत? कुठे? ‘करण्यात येते’ या साच्याची खरी तक्रार इथेच आहे. तो करणाऱ्याचे नाव न घेता वाक्य पूर्ण करू देतो. लिहिणाऱ्याला ते सोयीचे, पण वाचणाऱ्याला करणारा शोधत बसावे लागते.

वाक्य फोडायला बसलात की आणखी एक गोष्ट उघडी पडते. ‘स्वच्छता करून घेऊन अहवाल सादर न केलेल्या’ यातला ‘न’ कशाला लागतो? फक्त अहवालाला लागत असेल, तर टाकी धुतली पण कागद दिला नाही अशाच माणसावर कारवाई होते, आणि जो मुळात धुतच नाही तो शब्दांच्या फटीतून सुटतो. कार्यालयाला हे अभिप्रेत नसणार, दोन्ही कामे हवी असणार. पण तसे लिहिलेले नाही. लांब वाक्यात ही संदिग्धता कोणाच्या लक्षात येत नाही. दोन छोटी वाक्ये लिहिताना मात्र तुम्हाला एक अर्थ निवडावाच लागतो. इथे अंदाजाने निवडू नका. कार्यालयाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आता जे शब्द बदलायचे नाहीत, त्यांच्याकडे येतो. तुम्ही ‘भोगवटादार’चे ‘रहिवासी’ केलेत. तिथे अर्थ हलला. भोगवटादार हा कायद्यातला शब्द आहे. त्यात स्वतःच्या जागेत राहणारा मालक येतो, भाडेकरू येतो, आणि तळमजल्यावर दुकान चालवणाराही येऊ शकतो, जो तुमच्या इमारतीत राहतच नाही. ‘रहिवासी’ लिहिलेत की दुकानदार म्हणेल, हे माझ्यासाठी नाही. उलट गावाकडे शेती असलेल्या सभासदाला ‘भोगवटादार’ वाचून सातबारावरचा ‘भोगवटादार वर्ग 1’ आठवेल, ते आणखी निराळे. म्हणून शब्द तोच ठेवायचा आणि शेजारी एका वाक्यात अर्थ द्यायचा. एकदा दिला की पुरे.

‘कार्यवाही’चे बरोबर उलटे. हा शब्द तुम्ही तसाच ठेवलात, पण इथे तो बदलायला हवा होता. कार्यवाही म्हणजे पुढचे काम, अंमलबजावणी. कारवाई म्हणजे शिक्षेच्या अंगाने उचललेले पाऊल. दफ्तरी भाषेत ‘उचित कार्यवाही’ या शब्दजोडीने दोन्ही भागवतात. मूळ वाक्यात आधी ‘विरुद्ध’ आहे, तेव्हा अर्थ ‘कारवाई’च आहे. तसे स्पष्ट लिहा.

‘विहित कालावधी’चे ‘ठरलेली वेळ’ करून काही साधत नाही, कारण वाचणाऱ्याला तारीख हवी असते. ‘पासून’ म्हटल्यावर पहिला दिवस सहसा धरत नाहीत. 4 जून हा पहिला दिवस धरला, तर तिसावा 3 जुलैला येतो. ही तारीख फक्त तुमच्या प्रतीची. शेजारच्या सोसायटीला कागद दोन दिवसांनी मिळाला असेल, तर त्यांची तारीख वेगळी. तेव्हा तुमचा मजकूर त्यांना जसाच्या तसा पाठवू नका.

हे सगळे धरून मी असे लिहीन:

‘इमारतीच्या भोगवटादारांनी पिण्याच्या पाण्याच्या टाक्या 3 जुलैपर्यंत साफ करून घ्याव्यात. भोगवटादार म्हणजे जागेचा प्रत्यक्ष वापर करणारा, मग तो मालक असो वा भाडेकरू. टाक्या साफ केल्याचा अहवाल याच तारखेपर्यंत परिपत्रक काढणाऱ्या कार्यालयात द्यावा. सफाई केली नाही किंवा अहवाल दिला नाही, तर कार्यालय नियमाप्रमाणे कारवाई करेल.’

शेवटच्या वाक्यात मी आधी ‘आम्ही कारवाई करू’ लिहिले होते. मग लक्षात आले, की सोसायटीच्या फळ्यावर ‘आम्ही’ म्हणजे तुमची कमिटी होईल. नको ते भांडण! आणि चौथ्या वाक्यातला ‘किंवा’ मी दोन्ही कामे सक्तीची आहेत असे धरून घातला आहे. कार्यालयाचे उत्तर येईपर्यंत तो कच्चाच समजा.

आता मोजमाप. मूळ मजकूर सदतीस शब्दांचे एक वाक्य होते. नवा मजकूर चव्वेचाळीस शब्दांची चार वाक्ये आहे, म्हणजे वाक्यामागे अकरा शब्द. एकूण मजकूर वाढला आहे. त्याला घाबरू नका, सोपे लिहिणे बहुधा लांबतेच. माझा स्वतःचा ठोकताळा असा, की एखादे वाक्य पंधरा शब्दांच्या पुढे गेले की थांबून दुसरे क्रियापद कुठे दडले आहे ते शोधायचे.

इंग्रजीसाठी सोपेपणाची तयार सूत्रे आहेत. रुडॉल्फ फ्लेशचे 1948 चे सूत्र सर्वांत प्रसिद्ध. ते वाक्यातले शब्द आणि शब्दातले उच्चारखंड मोजते. पहिला भाग आपल्याला चालतो, दुसरा फसवतो. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘इमारतीमधील’ सात अक्षरांचा, पण शाळकरी मुलालाही कळतो. ‘विहित’ तीन अक्षरांचा, ‘सबब’ तीन अक्षरांचा, आणि अडतात नेमके हेच. शब्दाच्या लांबीवर गुण दिले, तर सूत्र ‘सबब’ला शाबासकी देईल आणि ‘इमारतीमधील’ला नापास करेल.

वाक्ये संगणकाकडून मोजून घ्यायची असतील, तर ‘दि.’, ‘क्र.’ आणि ‘रु.’ यांपुढचे टिंब आधी काढा. पूर्णविराम दिसला की वाक्य संपले, असे साधी मोजणी धरते. ‘दि. 3 जून रोजीच्या पत्र क्र. 12 नुसार’ एवढ्यात तिला दोनदा वाक्य संपल्यासारखे वाटते आणि सरासरी खोटी खोटी सुधारते. दफ्तरी मजकुरात अशी टिंबे ओळीओळीला असतात, म्हणून सर्वांत अवघड परिपत्रकच कधी कधी सोपे ठरते.

त्यापेक्षा एक शोध उपयोगी पडतो. फाइलमध्ये ‘ण्यात य’ शोधा, मधली जागा धरून. ‘करण्यात येते’, ‘घेण्यात यावी’, ‘देण्यात येईल’ सगळे सापडतात. मी पहिल्यांदा नुसते ‘ण्यात’ शोधले होते. ‘पाण्यात’, ‘ठाण्यात’ आणि ‘पुण्यात’ही गोळा होऊन आले. जिथे जिथे सापडेल, तिथे विचारा: हे कोण करणार? उत्तर कागदावर असेल तर नाव घालून वाक्य सरळ करा. नसेल तर तो मजकुरातला खड्डा आहे, तुमच्या भाषेतला नाही.

मोजून झाले की मजकूर अशा कोणाला तरी द्या, ज्याने मूळ पाहिलेले नाही. वाचून झाल्यावर कागद काढून घ्या आणि तीन गोष्टी विचारा: काय करायचे, कधीपर्यंत, नाही केले तर काय. ‘कळले का?’ असे विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. माझे चार वाक्यांचे रूप काकूंना दिले. टाकी, 3 जुलै आणि कारवाई, तिन्ही त्यांनी सांगितले. फक्त अहवाल कोणत्या नमुन्यात द्यायचा, हे त्यांनीच मला उलट विचारले. मूळ परिपत्रकाच्या त्या वाक्यात तेही नाही, आणि ‘नियमानुसार’ म्हणजे कोणता नियम, तेही नाही. कार्यालयाला पत्र लिहाल, तेव्हा ‘न’च्या खुलाशासोबत हे दोन्ही मागा. तोवर फळ्यावर माझ्या मजकुराखाली मूळ परिपत्रकाची प्रत लावा आणि ‘हा सोपा केलेला मजकूर आहे, मूळ परिपत्रक खाली आहे’ अशी ओळ वर टाका.