तबलेवाला गप्प बसलाय तोवर चिकारी ऐक

अरे,

तुझा परवाचा मेसेज वाचून आधी हसू आलं मग वाटलं की प्रश्न बरोबरच आहे. "काका, अर्धा तास झाला, तबलेवाला मांडीवर हात ठेवून नुसता बसलाय, सतारवाल्यांचं ट्यूनिंग अजून चालूच आहे का?" तुझी फार चूक नाहीये. १९७१ साली न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधे बांगलादेशच्या मदतीसाठी कॉन्सर्ट झाली, तिथे रविशंकर आणि अली अकबर खाँ नुसती वाद्यं जुळवत होते तर पब्लिकने टाळ्या वाजवल्या. म्हणजे ते ट्यूनिंगला आलाप समजले आणि तू आलापाला ट्यूनिंग समजलास, फरक इतकाच.

फोनवर सांगायला गेलो तर तू मधेच "हो हो कळलं" म्हणशील म्हणून सगळं लिहूनच काढतोय. आलाप, जोड, झाला यांच्या व्याख्या तुला कुठेही मिळतील, आलापात लय नाही, जोडात लय येते, झाल्यात ती द्रुत होते वगैरे. बरोबर आहे सगळं, पण मैफलीत बसल्यावर त्याचा उपयोग होत नाही, कारण आत्ता नक्की कुठे आलोय हे कानाला कसं कळणार? त्यासाठी एकच गोष्ट धरून ठेव, ती म्हणजे चिकारी.

सतार जवळून बघितलीस तर पडद्यांवरून सहा-सात तारा जातात. वाजवणाऱ्याचं बहुतेक काम एकाच तारेवर चालतं, ती बाजाची तार, सगळ्यात बाहेरची. पडद्यांच्या खाली तरफेच्या अकरा ते तेरा बारीक तारा असतात, त्या आपोआप झंकारतात. आणि वाजवणाऱ्याच्या तोंडाच्या बाजूला, सगळ्यात वर, दोन बारीक तारा असतात, त्यांच्या खुंट्यासुद्धा वेगळ्या, दांडीच्या कडेला मधेच ठोकलेल्या. ती चिकारी. एक सा आणि एक वरचा सा, बास. त्यांच्यावर सूर धरायचा नसतो, फक्त नखीने छेडायच्या, टिंग. तू रेकॉर्डिंगमधे तो टिंग शंभर वेळा ऐकला असशील, नाव माहीत नसेल एवढंच.

आता परवाचा यमनच घेऊ, कारण तो तू ऐकलायस. सुरुवातीला त्यांनी तरफेवरून करंगळीचं नख फिरवलं, छन्नकन आवाज आला, आणि मग सा. मग मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला नी, त्याच्यावर थांबले, रे, परत सा. सतारीचा सूर छेडला की लगेच विझायला लागतो, गळ्यासारखा लांबवता येत नाही, म्हणून पुढचा सूर त्या विझणाऱ्या आवाजातच काढावा लागतो, त्यासाठी पडद्यावर तार आडवी ओढतात, तीच मींड. गंधाराच्या पडद्यावर एकदा छेडायचं आणि तार ओढत ओढत तीव्र मध्यम, पंचम गाठून परत गंधारावर यायचं, नखीचा ठोका एकच. पुढच्या वेळी डावा हात बघ, तार पडद्यावर जवळजवळ कडेपर्यंत खेचलेली दिसेल.

आणि जिथे आवाज अगदीच विझतो तिथे एक टिंग. वाक्य संपलं की टिंग, कधी दोन वाक्यांनंतर, कधी लगेच दोनदा. त्याचा हिशोब लागत नाही. तू पायाने ठेका धरायला गेलास तर चुकशीलच, आणि चुकतोयस म्हणजेच आलाप चालू आहे. इथे चिकारी श्वासासारखी येते.

आलाप उगाच इकडेतिकडे फिरतोय असं तुला वाटलं ना, तर ते तसं नाहीये. यमन आधी खाली गेला, मंद्र सप्तकात, जाड तारांवर. मग मधल्या सा पर्यंत येऊन गंधार, जो यमनचा वादी, म्हणजे मुख्य सूर, त्याच्याभोवती बराच वेळ, नी रे ग, नी रे ग, सा गाळून थेट गंधार. मग तीव्र मध्यम, पंचम, धैवत, नी, आणि वरचा सा कितीतरी वेळ दिलाच नाही, नी वर ताणून ठेवलं आणि खाली आले, परत वर गेले, परत खाली, आणि शेवटी जेव्हा वरचा सा लागला तेव्हा तुझ्या पुढच्या रांगेतला म्हातारा "वा" म्हणाला असेल बघ. तो त्याच्यासाठीच थांबलेला असतो.

एक खूण अजून. प्रत्येक टप्पा संपताना एक छोटासा तुकडा येतो ज्यात क्षणभर लय लागल्यासारखी वाटते, सा वर दोनचार नेमके ठोके पडतात आणि विरून जातात. त्याला मोहरा म्हणतात. ध्रुपदाच्या आणि बीनेच्या, म्हणजे रुद्रवीणेच्या, आलापातून आलेली गोष्ट आहे, खरंतर हे सगळंच तिकडून आलंय. मोहरा ऐकू आला की समजायचं परिच्छेद संपला, आता पुढचा सुरू. मला हे कळायला तीन वर्षं लागली कारण कुणी सांगितलंच नाही, मी आपला मान डोलवत बसायचो.

सगळ्यांच्या सतारी सारख्या नसतात हेही लक्षात ठेव. रविशंकर, निखिल बॅनर्जी यांच्या सतारीला खर्जाच्या जाड तारा होत्या, त्यामुळे त्यांचा आलाप खूप खोल उतरतो, सूरबहार या सतारीच्या थोरल्या बहिणीसारखा. विलायत खाँसाहेबांनी त्या तारा काढून टाकल्या आणि तिथे गंधार-पंचमाच्या तारा आणल्या, त्यामुळे त्यांच्या सतारीवर ते भरीचे ठोके पडतात तेव्हा नुसता सा नाही वाजत, पूर्ण सुरावटच उमटल्यासारखी होते. दोघांचे आलाप लागोपाठ ऐक, घराणं वगैरे काही माहीत नसलं तरी हे ऐकू येईलच. मला स्वतःला खर्जवाला जास्त आवडतो पण ते जाऊदे.

मग जोड. (बाजाच्या शेजारच्या तारेलाही जोडाची तार म्हणतात, त्याचा याच्याशी संबंध लावू नकोस, मी लावला होता.) जोड कधी सुरू झाला हे परवा तुला कळलं नसणार कारण चांगला वादक ते लपवतोच. सूर तेच, यमन तोच, तबला अजून गप्पच. फक्त चिकारी नेमाने पडायला लागते. एक सूर, टिंग, एक सूर, टिंग, दोन सूर, टिंग. आता गुडघ्यावर बोट आपट, आता चुकणार नाहीस. तो क्षण पकडायची सवय लाव, इतकं जमलं तरी पहिल्या सहा महिन्यांत भरपूर झालं.

पण मोजायला जाऊ नकोस. इथे लय आहे, ताल नाही. घड्याळाच्या टिकटिकीसारखी लय चालू असते पण सोळा मात्रा, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, काही नाही, म्हणून तर तबला नाही. वादक पाच ठोक्यांचं वाक्य करेल, मग अकराचं, त्याची मर्जी. आधी संथ, मग मधली लय, मग दुप्पट, आणि मिंडा हळूहळू कमी होऊन गमका, म्हणजे सुरांचे जोरकस हेलकावे, वाढतात, तानांसारखं काहीतरी यायला लागतं.

इथेच बरेच जण घसरतात, अगदी नावाजलेलेसुद्धा. आलापात पब्लिक चुळबुळ करतंय हे दिसलं की घाईने जोड सुरू करतात. कसं ओळखायचं? वरचा सा अजून धड लागलेलाच नसतो आणि टिंग टिंग नेमाने सुरू झालेलं असतं. म्हणजे अर्धाच जिना चढून गच्चीत आलो म्हणणं. आयोजकांनी तासाभराचा स्लॉट दिला असेल तर नाईलाज असतो हे मान्य, अशा वेळी काहीजण सरळ पाचेक मिनिटांचा औचार, म्हणजे छोटासा आलाप, करून गतीवर, म्हणजे तबल्याबरोबरच्या बंदिशीवर, जातात आणि ते मला जास्त प्रामाणिक वाटतं.

आणि झाला. तो तुला कळलाच असणार, न कळून सांगतो कुणाला. झाल्यात हिशोब उलटा होतो. दा रा रा रा, दा रा रा रा, यातला फक्त पहिला दा बाजाच्या तारेवर आणि तिन्ही रा चिकारीवर. चारातले तीन ठोके त्या दोन तारांचे. जी तार आलापात मधेच श्वासाएवढी होती ती आता मालकीण झाली. नंतर चिकारी आधी आणि सूर मागून असा उलटा झालाही येतो, किंवा ठोके तीन-तीन-दोन असे विभागतात, तेव्हा लय तीच असून चाल बदलल्यासारखी वाटते.

पण वेगाने भुलू नकोस. त्या पावसात फक्त दा, दा, दा एवढेच ऐकायचा प्रयत्न कर, चिकारी कानाने बाजूला सार. त्या एकेका सुरातून नी, रे, ग अजून जुळतंय का? यमन अजून यमन आहे का? असेल तर झाला चांगला. नुसताच सा धरून चिकारीचा गदारोळ चालू असेल तर तो उजव्या हाताचा व्यायाम, टाळ्या पडतात त्याला, पडू देत.

झाला संपला की लोक टाळ्या वाजवतात आणि तुला वाटलं कार्यक्रम संपला, म्हणून तू चहाला बाहेर गेलास, बरोबर ना? तिथे फक्त आलाप-जोड-झाला संपतो. मग तबलेवाला हातोडीने ठोकून तबला जुळवतो आणि गत सुरू होते, बहुतेक वेळा आधी विलंबित तीनतालात. मसीतखानी नावाची गत असेल तर ती बाराव्या मात्रेवरून उठते, म्हणून तबला लगेच येत नाही, मुखडा, म्हणजे गतीचा सुरुवातीचा तुकडा, एकटा वाजतो आणि तबला समेवर पडतो. मग द्रुत गत आणि सगळ्यात शेवटी परत झाला, पण हा तबल्यासकट, सोळा मात्रांत बांधलेला. म्हणजे एका रागात दोन झाले, नाव एकच, पहिला मोकळा आणि दुसरा तालाच्या खुंटीला बांधलेला. नवीन माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

सरोदलाही चिकारी असते त्यामुळे हेच सगळं तिथेही चालेल. बासरीला मात्र तार नाही, तिथे झाल्याचे ठोके जिभेने फुंकरीत तोडून काढावे लागतात, तेव्हा हा चिकारीचा नुस्का बासरीला लावून मला दोष देऊ नकोस.

शनिवारी परत जातोयस म्हणालास. उजव्या बाजूला बस, म्हणजे वादकाचा नखीवाला हात दिसेल, नाहीतर तुंब्यामागे काहीच दिसत नाही. काय राग होता आणि जोड कधी पकडलास ते कळव. आणि मोबाईल सायलेंट नको, बंदच कर, खुर्चीवरचं व्हायब्रेशन मंद्र नीपेक्षा मोठं ऐकू येतं, मागच्या वर्षी माझाच वाजला होता.

तुझा,
काका