झेड १.२५, मग शतमक किती?

विचारणा: "भाचा निपाणीत पीयूसी दुसऱ्या वर्षाला आहे. सराव परीक्षेत १०० पैकी ७३ पडले. कागदावर सरासरी ५८, प्रमाण विचलन १२, झेड १.२५ एवढंच लिहिलंय. यावरून पर्सेंटाइल कसं काढायचं? मराठीत त्याला काय म्हणतात?"

मराठीत शतमक. चतुर्थक, दशमक यांच्याच रांगेतला शब्द. त्याला 'शेकडा' म्हणू नये. आपल्याकडे मराठीत काय नि कन्नडात काय, शेकडा म्हणजे टक्केच, आणि टक्के भाच्याला ७३ आहेत. शतमक सांगतं की शंभरातली किती मुलं त्याच्या मागे आहेत.

झेड बरोबर आहे: ७३ वजा ५८ म्हणजे १५, भागिले १२, म्हणजे १.२५. आता प्रसामान्य वितरणाचं कोष्टक उघडा. डावीकडच्या रकान्यात १.२ शोधा, वरच्या ओळीत ०.०५. दोन्ही जिथे मिळतात तिथे ०.८९४४ असेल. शंभराने गुणलं की ८९.४४, म्हणजे शतमक साधारण ८९.

तिथे ०.३९४४ दिसलं तर घाबरू नका, कोष्टक वेगळ्या बांधणीचं आहे. ते मध्यापासून पुढचंच क्षेत्रफळ देतं, त्यात ०.५ मिळवायचे. बरीच मंडळी इथेच फसतात आणि सरासरीच्या वरच्या मुलाला ३९ वं शतमक देऊन मोकळी होतात. कोष्टक कुठलं हे ओळखायला झेड शून्यासमोरचा आकडा बघावा. ०.०००० असेल तर मध्यापासूनचं. ०.५००० असून पुढे आकडे वाढत गेले तर डावीकडून मोजलेलं, ते थेट वापरा. घटत गेले तर उजवं टोक मोजलेलं. तिथे १ मधून वजाबाकी करायची. ४३ गुणांच्या मुलाचा झेड उणे १.२५ येतो, त्याचं शतमक १०.५६.

एक्सेलमध्ये एवढं पुरे:

```
=NORM.S.DIST(1.25,TRUE)*100
```

शेवटी `FALSE` टाकलं तर १८.२६ येतं. ती त्या जागची वक्राची उंची, शतमक नव्हे.

पण गुण घंटेच्या आकारात पसरलेले नसतील तर हे सगळं फोल. सोप्या पेपरात सरासरी ८५ आणि विचलन १२ आलं असं धरा. मग १०० गुणांचाच झेड १.२५ होतो, आणि हिशेबाने दहा टक्क्यांहून जास्त मुलांना शंभराच्या वर गुण पडायला हवेत! तिथे कोष्टक मिटून सरळ मुलं मोजावीत. महाराष्ट्राच्या सीईटीचं पर्सेंटाइलही असंच, तेवढे किंवा कमी गुण मिळवणारे मोजून काढतात. बेळगाव-खानापूरची जी मुलं ती परीक्षा देतात त्यांनी तिथे झेड लावू नये.