बंद डब्याचं पृष्ठफळ कमीत कमी: h वजा का येते?

प्रश्न: १ लिटरचा बंद, गोल डबा कमीत कमी पत्र्यात बनवायचा आहे. मी S = 2πr² + 2πrh चं r नुसार विकलन करून शून्य धरलं तर h = −2r आलं. पुस्तकात h = 2r आहे. वजा चिन्ह सोडून दिलं तर चालेल का? आणि दुकानातले डबे तर बहुतेक उंच असतात, मग हे उत्तर खरं कसं?

उत्तर:

नाही चालणार. चिन्ह पुसलं की उत्तर जुळतं, म्हणून ही चूक लवकर लक्षातच येत नाही.

तुम्ही विकलन करताना h स्थिर धरली. म्हणून 4πr + 2πh = 0 आलं. r आणि h दोन्ही धन असताना ही बेरीज कधीच शून्य होणार नाही, इथेच थांबायला हवं होतं. हे समीकरण खरं तर वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलतंय: उंची तीच ठेवून डबा रुंद करत गेलात तर पत्रा वाढतच जाणार. पण तसं केलं तर डब्यात एक लिटर कुठे राहिलं? घनफळ तेच ठेवायचं तर r वाढली की h कमी व्हायलाच हवी.

म्हणून विकलनाआधी h काढून टाका. V = πr²h वरून h = V/(πr²), आणि

S(r) = 2πr² + 2V/r = (2πr³ + 2V)/r

हे r चं परिमेय फलन झालं, म्हणजे एक बहुपदी भागिले दुसरी. विकलन करताना मात्र एका छेदावरचं रूप घेऊ नका, दोन पदांचं घ्या. भागाकाराचा नियम लावूनही उत्तर तेच येतं, फक्त चिन्ह चुकायला जास्त जागा मिळते.

S′(r) = 4πr − 2V/r² = (4πr³ − 2V)/r²

शून्य करायचा तो या S′ चा अंश. काही जण घाईत S चाच अंश शून्य करतात आणि r ऋण येते. S चा आलेख ऋण बाजूला आडव्या अक्षाला जिथे छेदतो तो हा बिंदू. मोबाइलवर आलेख काढलात तर ती डावी शाखा दिसेल, पण ऋण त्रिज्येचा डबा नसतो, तिच्याकडे बघूच नका.

अंशावरून r³ = V/(2π). हे V = πr²h मध्ये ठेवलं की h = 2r, म्हणजे उंची व्यासाएवढी. दुसरा विकलज 4π + 4V/r³ आहे, आणि r धन असताना तो सगळीकडे धन असतो. त्यामुळे r > 0 या पूर्ण पट्ट्यात आलेख वाटीसारखा वर वळलेला आहे आणि तळ एकच आहे. टोकं तपासायची गरज नाही, कारण इथे टोकंच नाहीत: r शून्याकडे गेली की 2V/r आभाळाला भिडतं, r फार वाढली की 2πr².

आता आकडे. १ लिटर म्हणजे १००० घन सेंमी, हा बदल आधी करून घ्या. V = 1 ठेवलंत तर r ०.५४ येईल, ते डेसिमीटरमध्ये असतं. V = 1000 घेतल्यावर r ≈ ५.४२ सेंमी, h ≈ १०.८४ सेंमी, S ≈ ५५३.६ चौ. सेंमी. यात दोन झाकणांचे मिळून १८४.५ आणि बाजूच्या पत्र्याचे ३६९.१. बाजू झाकणांच्या बरोबर दुप्पट आहे, आणि हा योगायोग नाही. S′ ला r ने गुणा: 2·(2πr²) − (2V/r) = 0. r² चा घातांक २ आहे आणि 1/r चा −१, म्हणून किमान बिंदूवर दुसरं पद पहिल्याच्या दुप्पटच निघतं. पेपर तपासून बघायला हा ताळा उत्तम आहे. बाजू दुप्पट नसेल तर कुठेतरी चुकलंय.

यातच तुमच्या वजा चिन्हाचं रहस्यही आहे. h = V/(πr²) असल्यामुळे 2πrh हे पद प्रत्यक्षात 1/r सारखं वागतं. तुम्ही h स्थिर धरली तेव्हा ते r सारखं वागलं. घातांक +१ ऐवजी −१ हवा होता, म्हणजे फरक फक्त चिन्हाचा, आणि म्हणूनच उत्तराचं माप जुळलं. ही कृपा सगळीकडे मिळत नाही. दोन्ही टोकांना झाकणाऐवजी अर्धगोल लावा: S = 4πr² + 2πrh, V = πr²h + (4/3)πr³. तुमच्या पद्धतीने h = −4r येईल आणि चिन्ह पुसून h = 4r लिहाल. खरं उत्तर h = 0 आहे, म्हणजे सगळा डबाच गोल होतो.

आता दुकानातल्या डब्यांकडे. आपल्या सूत्राने गृहीत धरलंय की गोल झाकण कापताना पत्रा वाया जात नाही. बाजूचा पत्रा आयताकृती असल्याने तो खरंच वाया जात नाही, पण झाकण चौकोनातून कापलं तर चारही कोपरे जातात, जवळजवळ २१.५ टक्के. मग दोन झाकणांना 2πr² नाही, तर 8r² पत्रा लागतो:

M(r) = 8r² + 2V/r, M′ = 0 ⟹ r³ = V/8

V = 1000 ला r नेमकी ५ सेंमी येते, h ≈ १२.७ सेंमी. लागणारा पत्रा 200 + 400 = 600, परत दुप्पट. उंची आता त्रिज्येच्या २.५५ पट झाली, डबा उंच दिसायला लागला. गोल एकाआड एक ओळीत, मधमाशीच्या पोळ्यासारखे कापले तर तोटा सुमारे ९ टक्क्यांवर येतो आणि h ≈ २.२ r होते.

पण या सुधारणेने वाचतं किती तेही बघा. जुन्याच ५.४२ सेंमी त्रिज्येचा डबा चौकोनातून कापला असता तर ६०४ चौ. सेंमी लागले असते. म्हणजे फायदा चार चौ. सेंमीचा, टक्क्याहून कमी. कारण तळाशी आलेख फार सपाट असतो. मूळ सूत्रात त्रिज्या १० टक्क्यांनी चुकली तरी पत्रा साधारण १ टक्काच वाढतो, २० टक्क्यांनी कमी घेतली तर ४.७ टक्के. निम्मी केली तर मात्र ४२ टक्के जास्त लागतो. त्यामुळे तळाच्या आसपास डबा हातात मावतो का, खोक्यात नीट बसतो का, असल्या गोष्टींना कारखानदार जास्त वजन देऊ शकतो, गणित आडवं येत नाही.

जाडीचा फरक मात्र मोठा पडतो. झाकण आणि तळाचा पत्रा बाजूच्या k पट जाड किंवा महाग असेल तर पहिलं पद 2πkr² होतं आणि h = 2kr येतं. k = 2 घेतलं तर १ लिटरसाठी r ≈ ४.३ सेंमी, h ≈ १७.२ सेंमी, अगदी सडपातळ डबा. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या कॅनमध्ये बाजू झाकणापेक्षा बरीच पातळ असते, तेव्हा तो उंच असण्यामागे हेही एक कारण आहे. त्याचं माप या सूत्रात जसंच्या तसं घालू नका मात्र. वरची मान निमुळती असते, तळ आत वळलेला असतो आणि आत थोडी जागा रिकामी ठेवलेली असते, त्यामुळे πr²h हे छापील मिलीलिटरपेक्षा जास्त भरतं.