सोमवारी कुलूप दिसलं म्हणून जीएसटी नोंदणी जाते का?

प्रश्न: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. २१ तारखेला, मंगळवारी, पोर्टलवर नोटीस आली: ‘जाहीर केलेल्या ठिकाणी व्यवसाय आढळला नाही, नोंदणी रद्द का करू नये?’ एवढंच. शेजारी म्हणतात, १३ तारखेला, सोमवारी, कुणी साहेब येऊन गेले. सोमवारी आमची पेठ बंद असते. रिटर्न सगळी वेळेवर भरली आहेत. दोन महिन्यांपूर्वी मागच्या गल्लीत माल ठेवायला एक गाळा भाड्याने घेतला, तो मात्र नोंदणीत दाखवलेला नाही. आता नोंदणी निलंबित दिसते. उत्तर काय द्यायचं?

उत्तर: आधी दिवस मोजा. नोटिशीला सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. २१ तारखेला नोटीस मिळाली, तर २२ ते २४ हे तीन दिवस झाले, शनिवार-रविवार सोडायचे, आणि २७ ते ३० हे पुढचे चार. म्हणजे ३० तारखेचा गुरुवार शेवटचा. मधे सरकारी सुट्टी आली तर एक दिवस वाढेल, पण त्या भरवशावर राहू नका. नोटिशीत सुनावणीची तारीख असेल तर तीही आताच टिपून ठेवा.

नोटीस REG-17 या नमुन्यात असते आणि तिचं उत्तर REG-18 मध्ये पोर्टलवरूनच जातं. कर कार्यालयात अर्ज देऊन शिक्का मारून आणला तर तो जोडीला असू द्या, पण तेवढ्याने उत्तर दिलं असं धरू नका.

आता मुद्द्याचं. तुमच्यावरचा आरोप रिटर्न न भरल्याचा नाही, नियम २१ मधला ‘जाहीर ठिकाणाहून व्यवसाय करत नाही’ हा आहे. गेल्या वर्षी एका अशिलाने माझ्याकडे येण्याआधी स्वतःच उत्तर दिलं होतं: चाळीस पानं रिटर्नची आणि वर एक ओळ, ‘आम्ही प्रामाणिक करदाते आहोत’. नोंदणी रद्द झाली, आणि मला त्यात फारसं नवल वाटलं नाही. रिटर्नवरून कर भरल्याचं कळतं, दुकान त्या पत्त्यावर चालतं हे कळत नाही. म्हणून रिटर्नची यादी एका पानात द्या आणि बाकी सगळा जोर जागेवर ठेवा.

जागा कशी सिद्ध होते? दुकानाचं वीजबिल घ्या, शक्यतो सहा महिन्यांचं, कारण त्यावर पत्त्याबरोबर वापरलेली युनिटंही दिसतात. बंद दुकानाचं मीटर जवळजवळ हलत नाही. नोंदवलेला भाडेकरार किंवा मालकीचा कागद, आणि गुमास्ता नोंदणी. त्यात किंवा व्यापारी असोसिएशनच्या पत्रात सोमवारची साप्ताहिक सुट्टी लिहिलेली असेल तर तुमच्या प्रकरणात हा कागद पहिल्या पानावर लावण्याच्या योग्यतेचा. त्यानंतर आवक मालाच्या बिल्ट्या आणि ई-वे बिलं, ज्यांवर माल उतरवण्याचं ठिकाण म्हणून दुकानाचा पत्ता आहे. १३ तारखेच्या आधीच्या आठवड्यातली आणि नंतरच्या आठवड्यातली एकेक मिळाली तर फार बरं, कारण त्या दोन तारखांच्या मधल्या सोमवारचा खुलासा आपोआप होतो.

फोटोही द्या: पाटीसह शटर, आतला माल, काउंटर. नोंदणी प्रमाणपत्र दुकानात दर्शनी भागी आणि जीएसटी क्रमांक प्रवेशद्वाराच्या पाटीवर असावा, असा नियमच आहे. तुमच्या पाटीवर क्रमांक नसेल तर आजच रंगवून घ्या आणि फोटोखाली आजचीच तारीख टाका. तो आधीपासून होता असं भासवू नका. अधिकाऱ्याकडे १३ तारखेचे फोटो असतात.

ते फोटो मागाही. नोंदणीनंतर जागेची तपासणी झाली तर तिचा अहवाल फोटोंसह REG-30 मध्ये पोर्टलवर चढवायचा असतो. तुमच्या नोटिशीत भेटीची तारीख नाही, कुणाला विचारलं ते नाही, अहवाल जोडलेला नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ‘अग्रवाल डाइंग’ प्रकरणात अशीच मोघम नोटीस आणि तिच्यावरचा आदेश रद्द केला होता. हा मुद्दा एका परिच्छेदात मांडून ठेवा, पुढे अपिलात उपयोगी पडेल. पण त्याच्याच आधारावर बसू नका. अधिकाऱ्याला दुकान चालू दिसलं की काम तिथल्या तिथे संपतं, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

गाळ्याचं काय? स्वतःहून सांगा. नोंदणीच्या तपशिलात बदल झाला की पंधरा दिवसांत कळवायचं असतं, ते राहिलं आणि त्यासाठी दंड लागू शकतो. पण जास्तीची जागा न दाखवणं आणि मुख्य जागेवर व्यवसाय नसणं हे दोन वेगळे दोष आहेत. तुम्ही लपवलंत आणि पुढच्या भेटीत तिथे माल सापडला, तर पहिल्याही उत्तरावरचा विश्वास जाईल. REG-14 चा अर्ज करून पोच जोडा. निलंबनामुळे पोर्टलने अर्ज घेतला नाही, तर त्या पडद्याचा फोटो आणि गाळ्याचा करार उत्तरालाच जोडा.

मजकूर लांबवू नका. राज्याच्या कार्यालयाची नोटीस असेल तर मराठी चालते. साधारण असं लिहा:

‘दि. १३ रोजी सोमवार होता. या पेठेत सोमवारी साप्ताहिक सुट्टी असते (जोडपत्र १). त्यामुळे दुकान बंद होते. इतर दिवशी व्यवसाय याच ठिकाणी चालतो (जोडपत्र २ ते ६). माल साठवण्यासाठी मागील गल्लीत एक गाळा भाड्याने घेतला आहे. त्याची नोंद वेळेत करायची राहिली, त्यासाठी अर्ज केला आहे (जोडपत्र ७). तपासणी अहवालाची प्रत मिळावी, कोणत्याही कामकाजाच्या दिवशी पुन्हा जागा पाहावी, प्रत्यक्ष सुनावणी द्यावी व तोपर्यंत निलंबन उठवावे. कार्यवाही मागे घ्यावी.’

निलंबन आधीच उठवण्याचा अधिकार अधिकाऱ्याला नियम २१अ खाली आहे, म्हणून ती विनंती विसरू नका. तोवर कर लावलेलं बिल फाडायचं नाही. दुकानदार इथेच चुकतात आणि जुनं बिलबुक चालू ठेवतात. या काळातल्या विक्रीचा हिशेब नीट ठेवा. निलंबन उठलं की ते लागलं त्या दिवसापासून उठतं आणि मधल्या विक्रीची सुधारित बिलं देता येतात. निलंबनाआधीच्या महिन्याचं रिटर्न बाकी असेल तर ते आताच भरून टाका.

आणखी एक वाक्य घाला: ‘मागील तारखेपासून रद्द करण्याचा प्रस्ताव नोटिशीत नाही.’ मागच्या तारखेपासून नोंदणी गेली तर तुमच्याकडून माल घेतलेल्यांचं इनपुट क्रेडिट अडचणीत येतं आणि ते तुमच्या दारात येतात. असं यांत्रिकपणे करता येत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय.

उत्तर पटलं तर REG-20 येतो आणि प्रकरण मिटतं. REG-19 आला तर तो रद्दचा आदेश. मग ९० दिवसांत REG-21 भरून नोंदणी परत मागता येते, शिवाय तीन महिन्यांत अपील आहेच. REG-18 पाठवल्यावर मिळणारा एआरएन आणि पाठवलेली पीडीएफ एकाच फोल्डरमध्ये ठेवा, आणि सोमवारी दुकानाच्या शटरवर ‘साप्ताहिक सुट्टी’ची पाटी व तुमचा मोबाईल नंबर लावायला सुरुवात करा.